हार्दिक अभिनंदन, वगैरे

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला पुण्याहून भाच्याचा फोन आला. आमचे भाचेबुवा फोन करतात तेव्हा एकतर त्यांच्या आईची तक्रार असते किंवा गावाकडच्या मिरचीच्या तिखटाची मागणी. ह्यावेळी दोन्ही नव्हतं. कंपनीत त्याच्या टीमची एक वरची जागा निघाली होती. हा दोन वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. जागा मिळाली शेजारच्या टेबलावरच्या मुलीला, आणि ती ह्याची मैत्रीणसुद्धा आहे.

"मामा, तिला मेसेज टाकायचाय. चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. तुम्ही मराठीचे मास्तर, काहीतरी सांगा."

मी म्हटलं, काय लिहिलंयस ते वाच. त्याने वाचलं, "हार्दिक अभिनंदन! यू डिझर्व्ह इट! पुढच्या वाटचालीस खूप खूप शुभेच्छा!" त्यानंतर फुलांचे तीन गुच्छ.

मी म्हटलं, हे पाठवू नकोस, उद्या बोलू. फोन ठेवला आणि झोप उडाली. कारण हेच वाक्य, फुलांचे गुच्छ सोडून, दोन वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, आणि त्यात माझी जी फजिती झाली ती अजून आठवते. तेव्हा आजचं हे लिखाण त्या वाक्याच्या विरोधात आहे. नातेवाईक मंडळींपैकी काहींना ही हकीकत माहीत आहे, त्यांनी पुन्हा एकदा सोसावी.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावातल्या अनुदानित हायस्कुलात शिकवतो. संस्था खाजगी, पगार सरकारी. अशा शाळेत शिक्षकाला आयुष्यात बढतीच्या संधी मोजून तीन. पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. शाळा लहान असेल तर मधली पायरीसुद्धा नसते. 2023 च्या जूनमध्ये आमचे पर्यवेक्षक निवृत्त होणार होते आणि त्या जागेसाठी दोन नावं सगळ्यांच्या तोंडी होती. एक मी, दुसरे नाना. (हे त्यांचं खरं नाव नाही. आमच्या खान्देशात प्रत्येक शिक्षकखोलीत एक नाना, एक आप्पा आणि एक तात्या असतोच, त्यामुळे कोणी शोधायला जाऊ नये.)

मी शाळेत लागलो 1996 च्या जूनला, नाना 1998 ला. म्हणजे हजेरीपटावर मी दोन वर्षांनी जुना. गावात कोणालाही विचारा, सीनियर कोण? सगळे माझंच नाव घेणार. पण खाजगी शाळांतल्या नोकरीचे 1981 चे सेवाशर्तींचे नियम आहेत, त्यांच्या मागे 'अनुसूची फ' नावाचं एक प्रकरण आहे. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं ह्या एका 'फ'वरून होतात. त्यात शिक्षकांचे प्रवर्ग पाडलेत. पदवी आणि बी.एड. दोन्ही असलेला शिक्षक 'क' प्रवर्गात येतो, आणि तिथली ज्येष्ठता तो त्या प्रवर्गात आला त्या तारखेपासून धरतात. शाळेत पाऊल कधी ठेवलं हे तिथे बघत नाहीत. मी लागलो तेव्हा बी.ए., डी.एड. होतो. बी.एड. केलं नोकरी करता करता, मुक्त विद्यापीठातून, आणि ते हातात पडलं 2001 ला. नाना बी.एस्सी., बी.एड. होऊनच आले. म्हणून 'क' प्रवर्गात ते 1998 चे आणि मी 2001 चा.

ही यादी दरवर्षी सह्यांसाठी फिरते. कोणाची हरकत असेल तर तिथेच लेखी द्यायची असते. मी वीस-बावीस वर्षं त्या यादीवर मुकाट सही करत आलो होतो. म्हणजे मला माहीत होतं. तरीही मी आशेवर होतो, कारण माणसाला कागद एक सांगतो आणि चहाच्या टपरीवरचे लोक दुसरंच सांगतात, आणि टपरीवर बसायला जास्त बरं वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ह्यात दुखण्यासारखं काय होतं ते कळणार नाही. नाना माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. म्हणजे ते पर्यवेक्षक झाले की त्यांच्याआधी मीच घरी जाणार. वरची जागा रिकामी होऊन ते पुढे सरकले तर गोष्ट निराळी, पण आमच्याकडे तसा योग दिसत नाही. तेव्हा त्या जूनमध्ये मला जे मिळालं नाही ते पुढेही मिळणार नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा निकाल एका ओळीच्या ठरावात लागला.

ठराव झाला त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत येऊन सांगितलं. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी आधी नानांकडे पाहिलं आणि मग, अगदी एक क्षणभर, माझ्याकडे. तो क्षण मला अजून पाठ आहे. मी उठलो, हात पुढे केला आणि म्हणालो, "हार्दिक अभिनंदन सर. योग्य व्यक्तीची निवड झाली. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

वाक्यात चूक काहीच नाही. वर्तमानपत्रातल्या अभिनंदनाच्या जाहिरातीत बसेल इतकं शुद्ध. पण पंचवीस वर्षं ज्या माणसाला मी 'नाना' म्हणत आलो, ज्याच्या मोटारसायकलवर मागे बसून सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो, त्याला मी त्या दिवशी 'सर' म्हणालो! माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या आलं. त्यांनीही "धन्यवाद सर" म्हटलं, आणि आम्ही दोघे दोन तलाठी भेटावेत तसे हात हलवून आपापल्या खुर्चीत बसलो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "तुले वाईट वाटनं का रे?" मी म्हटलं, नाही. ती पुढे काही बोलली नाही, ताटात भाकरी वाढली. आयांना हे बरोबर कळतं.

आता मुद्द्याकडे येतो. अशा प्रसंगी काय करावं ह्याबद्दल आपल्याकडे दोन पंथ आहेत आणि माझं दोघांशीही भांडण आहे.

पहिला पंथ ढोंगवाद्यांचा. ते म्हणतात, मन मोठं करा, चेहरा हसरा ठेवा, आतलं आत ठेवा. कंपन्यांमध्ये म्हणे ह्याची शिबिरंही होतात. दुसरा पंथ मौनवाद्यांचा. माझे एक काका ह्या पंथाचे आजन्म सभासद आहेत. ते म्हणतात, मनात नाही ते ओठांवर कशाला? आनंद झाला नसेल तर अभिनंदन करूच नये, ते खोटं. वरवर बघता हे दोन पंथ एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. पण दोघांनी एक गोष्ट न तपासताच धरून चाललेली आहे. ती म्हणजे, अभिनंदन हा आपल्या मनातल्या आनंदाचा अहवाल असतो. एक म्हणतो आनंद नसला तरी अहवाल द्या, दुसरा म्हणतो नसला तर देऊ नका.

मला हे धरून चालणंच मान्य नाही. नानांना माझ्या आनंदाचं काय करायचंय? त्यांना घरी बायको आहे, मुलं आहेत, आनंद करायला माणसं भरपूर. माझ्याकडून त्यांना मिळू शकेल अशी गोष्ट वेगळी आहे, आणि ती फक्त माझ्याचकडे आहे. मी त्यांचा प्रतिस्पर्धी आहे. म्हणजे त्या जागेचं काम काय असतं, त्यात काय अवघड असतं आणि नाना ते कसं करतात, हे मी जितकं बारकाईने पाहिलंय तितकं संस्थेच्या अध्यक्षांनीही पाहिलेलं नाही. स्पर्धेतला माणूस दुसऱ्याच्या कामाकडे फार लक्ष देऊन बघतो. बरेचदा जळूनच बघतो, पण बघतो. म्हणून त्याने दिलेली साक्ष सर्वांत वजनदार असते. अभिनंदन म्हणजे ही साक्ष. ती देताना मन आनंदाने भरून आलेलं असण्याची अट नाही. साक्ष खरी असावी एवढीच अट आहे.

हे मला त्या रात्री पडल्या पडल्या सुचलं म्हणून सांगतो. आणि त्याबरोबर आठवलं ते वेळापत्रक.

ज्यांना शाळेचं आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पर्यवेक्षकाचं काम म्हणजे मुख्यतः वेळापत्रक, गैरहजर शिक्षकांच्या बदली तासिका लावणं आणि टाचणवह्या तपासणं. त्यातलं वेळापत्रक हे खरं डोकं खाणारं. आमच्याकडे बारा तुकड्या. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी पाच, म्हणजे एका तुकडीच्या आठवड्याला पंचेचाळीस. बारा तुकड्यांचे पाचशे चाळीस चौकोन भरायचे. एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत जाता कामा नये, प्रयोगशाळा एकच, मैदान एकच, आणि गणिताचे तास शक्यतो सकाळी. 2014 साली तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला आणि नानांना दोघांनाही कच्चं वेळापत्रक करायला सांगितलं. मी आठ दिवस खपून केलं. एकही टक्कर नव्हती त्यात. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

त्यांनी नानांचं घेतलं.

मी चिडून नानांचा तक्ता बघायला गेलो, चूक काढायच्या हेतूने. मोठ्या आलेख-कागदावर पेन्सिलने केलेला होता. नववीच्या दोन तुकड्यांचे विज्ञानाचे प्रात्यक्षिकाचे तास त्यांनी दुपारी शेवटून उचलून सकाळी घातले होते आणि त्यासाठी बाकी अर्धं वेळापत्रक हलवलं होतं. शेवटच्या तासाला चित्रकला आणि खेळ. मला कारण कळेना. विचारलं, तर म्हणाले, "निळी बस पावणेपाचला निघते ना."

मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या मानव विकासच्या निळ्या एसटी बस आमच्या भागातल्या सगळ्यांना माहीत आहेत. आमची शाळा सुटते पाच वाजता. पाड्यांवरच्या मुली पावणेपाचला दप्तर आवरून निघून जायच्या, कारण बस गेली तर पुढे सात-आठ किलोमीटर पायी. म्हणजे नववीतल्या त्या मुलींनी वर्षभरात एकही प्रयोग पूर्ण पाहिलेला नसायचा. परीक्षानळी तापायला लागली की ह्यांची निघायची वेळ. आम्ही सगळे रोज ती बस जाताना पाहत होतो. मीही पाहत होतो. माझ्या तक्त्यात टक्कर एकही नव्हती, पण बसची वेळ मी विचारलीच नव्हती.

त्या दिवशी मी नानांना काहीच बोललो नाही. "बरं आहे," म्हणून निघून आलो. नऊ वर्षं ते वाक्य माझ्याकडे उधार पडून होतं.

ते मी दुसऱ्या दिवशी फेडलं. शाळा भरण्याआधी, सायकल-स्टँडजवळ, दोघेच असताना. काय बोललो ते जवळपास जसंच्या तसं सांगतो, कारण भाचेबुवांना तेच हवंय.

"नाना, काल नीट बोललो नाही. तुम्ही निळ्या बससाठी वेळापत्रक हलवलं होतं, आठवतं? त्याच वर्षी माझ्याही तक्त्यात ते बसलं असतं, पण मला सुचलं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या खुर्चीत बसणाऱ्याला हे सुचायला लागतं, आणि तुम्हाला सुचतं. अभिनंदन." मग जरा थांबून, "मलाही हवी होती जागा, ते तुम्हाला माहीतच आहे. दोन-चार दिवस मी जरा गप्प दिसेन, त्याचा वेगळा अर्थ काढू नका."

नाना गाडीचं स्टँड लावत होते. ते लावून झाल्यावर म्हणाले, "काल तुम्ही 'सर' म्हणालात तेव्हाच मला कळलं. मीही रात्री झोपलो नाही हो." मग आम्ही चहाला गेलो. डोळे भरून येणं वगैरे काही झालं नाही. पहिली घंटा झाली तेव्हा धावत परत आलो एवढंच.

आता ह्या चार वाक्यांत काय होतं ते मास्तरकीच्या सवयीने उलगडून सांगतो.

पहिलं म्हणजे त्यात एक घडलेली गोष्ट होती, दुसऱ्या कोणालाही सांगता न येणारी. "योग्य व्यक्तीची निवड" किंवा "यू डिझर्व्ह इट" हे वाक्य कोणीही कोणालाही म्हणू शकतो, म्हणून ते थंड लागतं. शिवाय त्यात एक गोम आहे. ज्याने स्वतः त्याच जागेसाठी हात पुढे केला होता तो जेव्हा "तुझीच लायकी होती" असं म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आपोआप प्रश्न पडतो की मग हा स्वतः का उभा होता? वाक्य मोठं आणि गोष्ट शून्य, अशी त्याची गत. त्याऐवजी एकच घडलेला प्रसंग सांगावा. तो शोधायला वेळ लागत असेल तर लागू द्यावा. आणि शोधूनही एकसुद्धा सापडला नाही, तर आपण त्या माणसाचं काम कधी पाहिलंच नाही असा त्याचा अर्थ, आणि तीही माहिती कामाची आहे.

दुसरं म्हणजे आपलं दुःख. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट लपवायला गेलं की आवाज लाकडी होतो. माझ्या पहिल्या वाक्याचं तेच झालं होतं. 'मला काही वाटलेलं नाही' हे दाखवण्यातच सगळी शक्ती खर्च झाली, नाना त्यात कुठे नव्हतेच. म्हणून एक वाक्य बोलून टाकावं. पण एकच, आणि शेवटी. आधी बोललो तर समोरच्याला आपलं सांत्वन करायला लागावं लागतं, म्हणजे बढती त्याची आणि सुतक आपलं. आणि वाढवत गेलो तर तो अर्ज होतो.

तिसरं म्हणजे स्वतःला खाली पाडायचं नाही. "आमची काय हो लायकी, आम्ही आपले आहोत तिथेच बरे" हे आमच्या शिक्षकखोलीतलं फार आवडतं वाक्य. ऐकायला नम्र, पण समोरच्याला लगेच "छे छे, असं कसं" म्हणावं लागतं. म्हणजे अभिनंदन करायला गेलो आणि प्रशस्तिपत्र घेऊन आलो. तसंच "आता साहेब झालात, आम्हाला ओळख ठेवा" आणि "आता ऑफ तासाला आम्हालाच पाठवणार ना" ह्या दोन विनोदांचं. विनोद तिसऱ्या माणसाने केला तर विनोद. हरलेल्याने केला की खोलीतले सगळे हसतात आणि ज्याला म्हटलं तो हसत नाही, बघा एकदा निरखून.

कोणी म्हणेल, हे सगळं शिक्षकखोलीपुरतं झालं, मोठ्या जगात असं कोण बोलतं. मोठ्या जगातलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. 4 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक ओबामांनी जिंकली आणि हरलेले जॉन मॅकेन फिनिक्स शहरात आपल्या लोकांसमोर बोलायला उभे राहिले. ओबामांचं नाव निघताच समोरची गर्दी हुर्यो करायला लागली. मॅकेन यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग नुसतं "चांगले उमेदवार होते" असं म्हणून ते थांबले नाहीत. ह्या निवडणुकीत आपल्याला काही स्थान नाही असं ज्यांना वाटत होतं अशा लाखो लोकांना ओबामांनी आशा दिली, हे त्यांनी नेमकं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला जेवायला बोलावलं तेव्हा किती गहजब झाला होता, त्याची आठवण करून दिली. आपले मतभेद कायम आहेत हेही सांगितलं, आणि पराभवाचं खापर स्वतःवर घेतलं. दोन वर्षं ज्याने ओबामांचा प्रत्येक शब्द खोडून काढण्यासाठी ऐकला, त्यालाच ही साक्ष देता आली. त्या रात्री मॅकेन आनंदात असतील असं कोणीही म्हणणार नाही. पण ते खोटं बोलत होते असंही कोणी म्हणत नाही.

त्या हुर्यो करणाऱ्या गर्दीकडे मात्र जरा लक्ष द्यायला हवं, कारण ती आपल्याकडेही असते, फक्त ती टपरीवर बसते. माझ्याकडेही आली. "सर, तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही 96 चे, तो 98 चा." माणसाला हे ऐकायला किती गोड लागतं ते काय सांगू! पण सायकल-स्टँडजवळ मी जे बोललो ते खरं की खोटं, ह्याचा निकाल तिथे, नाना नसताना लागणार होता. मी म्हटलं, "यादी बघा. 'क' प्रवर्गात ते 98 चे, मी 2001 चा. मी स्वतः सही केलीय." मंडळींचा चेहरा जरा पडला. दोन दिवसांनी पुन्हा कोणी आलं नाही. माझा अनुभव असा की समोर केलेलं अभिनंदन दोन मिनिटांत होतं, पण मागे ते निदान सहा महिने पाळावं लागतं. टाचणवही तपासायला नानांकडे पहिल्यांदा नेली तेव्हा हात जड झाला होता, हे इथे कबूल करतो. तरी सोमवारी नेली, सगळ्यांसारखीच.

आता माझ्या काकांचा हुकमी प्रश्न. आणि खरंच अन्याय झाला असेल तर? पैसे चारून, नाहीतर कुणाचा मेहुणा म्हणून, यादी डावलून नेमणूक झाली असेल तर? तिथेही हसत अभिनंदन करायचं का?

नाही. साक्ष खरी असावी ही अट मी वर घातलीय, ती इथेही लागू. जे पाहिलं नाही ते बोलू नये. पण इथे दोन खाती वेगळी ठेवावीत. निवड करणाऱ्यांशी भांडण हे एक खातं, आणि निवडलेल्या माणसाशी वागणूक हे दुसरं. डावललं गेल्याची दाद मागायला कायदा आहे. खाजगी शाळांच्या 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आणि त्याची मुदत तीस दिवस आहे. ही मुदत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण मी असे शिक्षक पाहिलेत की ज्यांनी तीस दिवसांत एक कागद दिला नाही आणि पुढची बारा वर्षं समोरच्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. ज्याने अन्याय केला तो अध्यक्ष ह्यांच्याकडे जेवायला येतो, आणि राग मात्र निघतो तो शेजारच्या खुर्चीवर. भांडायचं असेल तर कागदावर भांडा, वेळेत भांडा. आणि त्या काळात नवीन पर्यवेक्षक भेटले तर सरळ सांगा, "मी अपील केलंय, ते नेमणुकीविरुद्ध आहे. कामात माझ्याकडून अडचण येणार नाही." हे अभिनंदन नाही, आणि ते असल्याचा आवही आणायचा नाही.

माझ्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. यादी बरोबर होती. दुखलं होतं ते खरं होतं, पण दुखणं हा काही पुरावा नसतो.

असो. बरंच लांबलं. दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन करून विचारलं, तुझ्या मैत्रिणीने असं काय केलंय की जे तू जवळून पाहिलंस आणि तुला जमलं नसतं? तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "मामा, एकदा रात्री सिस्टीम बंद पडली होती. चूक माझी होती. सकाळच्या मीटिंगमध्ये तिने माझं नाव न घेता 'आमच्याकडून झालं' असं सांगितलं. मी तिला त्यावर कधी काही बोललोच नाही."

मी म्हटलं, मग हेच लिही. आणि तुलाही जागा हवी होती हे तिला माहीत आहे ना? तेही एका ओळीत लिही, शेवटी. फुलं काढून टाक.

त्याने लिहिलं. तिचं उत्तर काय आलं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मिरचीचं तिखट मात्र दोन किलो मागवलंय, एक स्वतःसाठी आणि एक तिच्यासाठी.